गेमिंगचा कोपरा: खरेदीआधी मोजमाप

घरात गेमिंगचा कोपरा करायचं ठरलं की बोलणं बहुधा दोन गोष्टींपासून सुरू होतं: रंगीत दिवे आणि रेसिंग गाडीच्या सीटसारखी दिसणारी खुर्ची. खरं तर सुरुवात शिवणाच्या डब्यातल्या टेपने व्हायला हवी. बाजारातलं तयार टेबल साधारण 75 सेंटिमीटर उंच असतं. ते मोठ्या माणसाच्या मापाचं आहे, आणि त्याच्याशी बसणारं मूल अजून वाढतंय.

उदाहरणादाखल नववीतली एक मुलगी घेऊ. उंची 150 सेंटिमीटर, आणि डोंबिवलीतल्या फ्लॅटच्या बेडरूममध्ये तिच्या वाट्याला आलेली चार फूट जागा. तिला साध्या खुर्चीवर ताठ बसवून दोन मापं घ्यायची. एक, जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या खळगीपर्यंत. दुसरं, खांदे सैल सोडून हात काटकोनात वाकवल्यावर बैठकीपासून कोपरापर्यंत. समजा, ती 38 आणि 21 सेंटिमीटर भरली. म्हणजे पाय जमिनीवर नीट टेकलेले असताना तिचं कोपर 59 सेंटिमीटरवर येतं. टेबल मात्र 75 वर आहे. ही 16 सेंटिमीटरची तफावत ती खांदे उचलून भरून काढते. तासाभराने मान आणि पाठीचा वरचा भाग धरतो तो यामुळेच. खेळात रंगलेल्या मुलीला मागून पाहिलं तरी हे कळतं: खांदे कानांकडे सरकलेले असतात आणि मनगटाच्या आतल्या बाजूला टेबलाच्या कडेची लाल रेघ उमटलेली असते.

यावर दोन उपाय आहेत. खुर्ची 54 सेंटिमीटरपर्यंत चढवायची आणि पायांखाली 16 सेंटिमीटरचा आधार द्यायचा, हा पहिला. पण सगळ्याच खुर्च्या तेवढ्या चढत नाहीत. दुसरा उपाय अधिक चांगला: सुताराकडून टेबलाखाली 65 सेंटिमीटरवर कीबोर्ड आणि माऊस दोन्ही मावतील असा सरकता ट्रे बसवून घ्यायचा. मग बैठक 44 वर पुरते आणि पायांखाली फक्त 6 सेंटिमीटर हवेत. तेवढ्याला घरातला जेवणाचा पाटसुद्धा चालतो. ट्रे बसवण्याआधी मांड्या त्याखाली मोकळ्या सरकतात ना, हे बसून पाहिलेलं बरं.

खुर्ची घेताना पाठीच्या उंचीपेक्षा बैठकीची खोली पाहावी. पाठ टेकवून बसल्यावर बैठकीची पुढची कड आणि गुडघ्यामागची खळगी यांत दोन-तीन बोटं सहज जायला हवीत. मोठ्यांच्या गेमिंग खुर्चीत किशोरवयीन मूल बसलं की ही फट उरतच नाही. मग मूल पुढे घसरतं आणि कंबरेमागे पोकळी राहते. तिथे जाड उशी दिली तरी बरंच निभावतं. गाडीच्या सीटला कडेचे उंचवटे असतात ते वळणावर शरीर धरून ठेवण्यासाठी. घरातल्या खुर्चीत त्यांचा उपयोग नाही, उलट अरुंद बैठकीत ते मांड्यांना टोचतात. कोकण-मुंबईच्या दमट हवेत रेक्झिनपेक्षा जाळीची पाठ चांगली. घाम साचत नाही आणि पापुद्रे सुटत नाहीत.

बैठक ठरल्यावर मॉनिटर. वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली, अंतर हातभर, आणि खिडकी बाजूला. तिच्या बाबतीत खुर्ची 44 वर राहिल्याने मॉनिटर ट्रेवर नाही, टेबलावरच ठेवायचा आणि स्टँड खाली घ्यायचा.

वायरींना हात लावायचा तो हे सगळं पक्कं झाल्यावरच, कारण जागा हलली की बांधलेली प्रत्येक गाठ सोडावी लागते. आणि वायरी बांधण्याआधी अर्थिंग तपासायचं. कॉम्प्युटरच्या धातूच्या कॅबिनेटला अनवाणी हात लावला की बोटांना बारीक झिणझिण्या येतात, हा अनुभव जुन्या इमारतींत अनेकांना आहे. पुष्कळ घरी तो 'असं होतंच' म्हणून सोडून दिला जातो. पॉवर सप्लायमधल्या फिल्टरमधून थोडासा प्रवाह कॅबिनेटकडे येतो आणि तो तिसऱ्या, जाड पिनेतून जमिनीत जायचा असतो. सॉकेटला अर्थिंग नसेल, किंवा तीन पिनी प्लग दोन पिनी अडॅप्टरवर चढवला असेल, तर त्याला वाट राहत नाही. अशा वेळी महागडा स्पाइक गार्डही अर्धवटच काम करतो. इलेक्ट्रिशियनकडून पॉइंट दुरुस्त होईपर्यंत मशीन बंद ठेवावं.

पॉइंट नीट असेल तर भाराची चिंता फारशी नसते. गेमिंग कॉम्प्युटर आणि मॉनिटर मिळून साधारण 500 वॉट घेतात. 6 अँपिअरचा सॉकेट 1300 वॉटपर्यंत पेलतो. बिघडतं ते एका एक्स्टेंशन बोर्डात दुसरा लावल्याने, त्यावर इस्त्री चालवल्याने किंवा उरलेली वायर घट्ट गुंडाळून ठेवल्याने, कारण अशा वेटोळ्यात उष्णता कोंडते. प्लग गरम लागणं किंवा सॉकेटभोवती काळपट डाग दिसणं ही धोक्याची खूण.

बोर्ड टेबलाच्या खालच्या बाजूला स्क्रूने बसवावा. मग भिंतीकडे एकच वायर जाते, बाकी सगळ्या टेबलाखाली राहतात आणि फरशी पुसताना पाणी लागत नाही. बांधायला प्लास्टिकच्या टायऐवजी वेल्क्रो पट्ट्या घ्याव्यात, कारण दर महिन्याला काहीतरी बदलतंच. ट्रे पूर्ण बाहेर ओढून पाहावा: माऊस-कीबोर्डच्या वायरींना तेवढी ढील हवी, नाहीतर यूएसबीचं भोक सैल होतं.

आवाजाचं मात्र घरोघरी उलटं निदान होतं. भिंतीला फोमचे चौकोन चिकटवले जातात. फोम खोलीतला घुमणारा आवाज कमी करतो, पण शेजारी जाणारा अडवत नाही. आवाज बाहेर पडतो तो दाराखालच्या फटीतून, आणि भिंतीला टेकलेल्या टेबलातून. फटीला रबरी पट्टी लावली आणि टेबल भिंतीपासून दोन बोटं पुढे ओढलं तर जास्त फरक पडतो. सबवूफर फ्लॅटमध्ये नकोच. त्याची धडधड स्लॅबमधून खालच्यांच्या घरी उतरते.

रात्री घरच्यांना खरा त्रास होतो तो गेमच्या आवाजाचा नाही, मुलाच्या ओरडण्याचा. बंद कपांचा हेडफोन लावला की स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही, आणि माणूस नकळत मोठ्याने बोलू लागतो. अनेक हेडसेटच्या सेटिंगमध्ये Sidetone किंवा Mic Monitoring असा पर्याय असतो. तो चालू केला की मुलाला स्वतःचं बोलणं कानात ऐकू येतं आणि आवाज आपोआप उतरतो. ही सोय नसेल तर एक कान उघडा ठेवावा.

कानांचं गणितही कठोर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकानुसार मुलांसाठी मर्यादा 75 डेसिबल, आठवड्याला 40 तास. आवाज 3 डेसिबलने वाढला की वेळ निम्मी होते: 78 ला 20 तास, 81 ला 10, 84 ला फक्त 5. शूटिंगच्या गेममध्ये तर पावलांचा आवाज ऐकू यावा म्हणून मुलं व्हॉल्यूम चढवतात आणि मग गोळीबार कानावर आदळतो. 2024 मध्ये 'बीएमजे पब्लिक हेल्थ'मध्ये आलेल्या आढाव्यात गेममधले असे क्षणिक आवाज 119 डेसिबलपर्यंत गेल्याची नोंद आहे. म्हणून नुसता व्हॉल्यूम कमी करायला सांगून मुलं ऐकत नाहीत. त्यांना पावलं हवी असतात. गेमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये Night Mode किंवा विंडोजमध्ये Loudness Equalization असेल तर ते चालू करावं. हलके आवाज वर येतात, स्फोट खाली बसतात, आणि पावलं ऐकू येत राहून व्हॉल्यूम दोन-तीन पायऱ्या उतरवता येतो. खेळ संपल्यावर कानात शिट्टी वाजत असेल, तर तो अजूनही खूप मोठा आहे.