पहिले ८१ एकर बँकेचे

मे महिन्याच्या शेवटी लातूर-बीडकडच्या कुठल्याही गावात जा, रोटावेटरवाल्याचा फोन सारखा वाजत असतो. पाऊस कधीही येईल, त्याआधी रान भुसभुशीत करून हवं असतं, आणि ते सगळ्यांना एकाच आठवड्यात हवं असतं. ही गर्दी पाहूनच ज्याच्या दारात ट्रॅक्टर आहे त्याला वाटतं, आपणही कर्ज काढून एक रोटावेटर घ्यावा, घरचं रान होईल आणि शेजाऱ्यांचं भाडं येईल. विचार चांगला आहे. फक्त भाड्याचा आकडा म्हणजे कमाई, असं समजून कर्ज काढलं की दुसऱ्याच हप्त्याला ओढाताण सुरू होते. म्हणून एका एकराचे पैसे कुठे कुठे जातात ते आधी पाहू.

समजा, ४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर घरचा आहे आणि पाच फुटी रोटावेटर १ लाख २० हजाराला पडला. वीस हजार घरचे घातले, एक लाख कर्ज काढलं, व्याज १२ टक्के, मुदत तीन वर्षं. सहामाही हप्ता साधारण २०,३०० रुपयांचा बसतो, म्हणजे वर्षाला ४०,७०० च्या आसपास. गावात दर एकरी १,५०० रुपये धरू. पाच फुटी यंत्राला एक एकर उरकायला वळणं धरून सव्वा तास लागतो. तेवढ्यात साडेपाच लिटरच्या आसपास डिझेल जळतं, ते झाले ५०० रुपये. ड्रायव्हरचे २००. पाती, बोल्ट, गिअरबॉक्सचं ऑइल, बेअरिंग यांचे १००. ट्रॅक्टरच्या झिजेचे आणखी २०० बाजूला काढायलाच हवेत, कारण रोटावेटर हे ट्रॅक्टरवर सगळ्यात जास्त ताण देणाऱ्या अवजारांपैकी एक आहे. उरले ५००. म्हणजे वर्षातले पहिले ८१ एकर बँकेचे आहेत. आपली कमाई त्यानंतर सुरू होते.

मग वर्षाला एकर किती होतात? कामाचे दिवस फार नसतात. खरिपाआधीचे दोन-अडीच आठवडे आणि सोयाबीन निघाल्यावर रब्बीच्या पेरणीआधीचे काही दिवस, असे मिळून पंचवीस चांगले दिवस धरले आणि रोज पाच एकर झाले, तर १२५ एकर भरतात. या पाच एकरांचाही भरवसा नसतो. वीस गुंठ्यांच्या तुकड्यात बांधापाशी वळण्यातच वेळ जातो आणि एका रानातून तीन किलोमीटरवरच्या दुसऱ्या रानात जाताना डिझेल जळतं ते कुणाच्याच खात्यावर मांडता येत नाही. म्हणून जाणते लोक छोट्या तुकड्याला किमान भाडं आधीच सांगतात, आणि दगडगोट्याच्या रानात एकरावर न जाता तासावर जातात. तिथे वेळही जास्त लागतो आणि पातीही मोडतात.

रानात गेल्यावर यंत्र खाली सोडण्याआधी ओल पाहायची असते. चार बोटं खालची माती मुठीत घट्ट दाबायची आणि कमरेच्या उंचीवरून सोडायची. गोळा पडून फुटला तर वाफसा आहे. गोळा तसाच राहिला तर घरी परतावं, कारण ओल्या काळ्या मातीत पात्यांभोवती चिखलाचे लोळ बसतात आणि मागे निघतात ती वाळल्यावर दगडासारखी होणारी ढेकळं. तेव्हा शेजारी म्हणतो, "भाऊ, आलाच आहेस तर मारून टाक." अशा वेळी नाही म्हणता आलं पाहिजे. त्या ढेकळांवर पेरणी बिघडली की पुढच्या वर्षी बोलावणं दुसऱ्याला जातं.

पात्यांकडे तर रोज लक्ष हवं. त्यांचा आकार इंग्रजी एल अक्षरासारखा असतो, निम्मी डावीकडे वळलेली आणि निम्मी उजवीकडे. ती दांड्यावर नागमोडी क्रमानं बसवलेली असतात, म्हणजे सगळी एकदम जमिनीवर आपटत नाहीत. बदलताना घाईत डाव्याच्या जागी उजवं बसलं की यंत्र थरथरतं आणि माती एका बाजूला ओढली जाते. नवं पातं बसवल्यावर पहिल्या तासाभरानंतर बोल्ट पुन्हा आवळायचे असतात. हे चुकलं की सैल झालेलं पातं शेजारचीही दोन घेऊन जातं. झिजलेल्या पात्याची खूण ट्रॅक्टरच सांगतो: तेवढ्याच खोलीला इंजिन दमतं, काळा धूर येतो आणि मागे गवत कापलं न जाता गुंडाळलं जातं. ते गवत काढायला कुणी वाकण्याआधी पीटीओ बंद करून ट्रॅक्टरही बंद केलाच पाहिजे. फिरत्या शाफ्टवरचं आवरण तुटलं असेल तर त्या दिवशी काम करू नये. उपरण्याचं टोक किंवा साडीचा पदर त्यात अडकायला क्षणही लागत नाही.

शेजाऱ्याला एक गोष्ट स्वतःहून सांगायला हवी. दरवर्षी फक्त रोटावेटरच मारला तर चार-पाच इंचांखाली मातीचा घट्ट थर तयार होतो, पाणी मुरत नाही आणि मुळं आडवी पसरतात. दोन-तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट हवीच. हरळी-लव्हाळ्याच्या रानात तर रोटावेटर गवताचे तुकडे करून ते सगळीकडे पेरतो, आणि पात्यांना चिकटलेले तुकडे पुढच्या शेतकऱ्याच्या रानात जातात. म्हणून अशा रानातून निघताना, यंत्र बंद असताना पाती खरवडून घ्यावीत.

सरकारी अनुदानाच्या भरवशावर भांडवलाचा हिशेब करू नये. महाडीबीटी पोर्टलवर अर्ज केल्यावर पूर्वसंमती मिळण्याआधी यंत्र घेतलं तर अनुदान हातचं जातं. मिळालं तरी आधी पूर्ण पैसे आपण भरायचे आणि रक्कम मागाहून खात्यात येते. तोवर हप्ता भाड्यातूनच निघायचा असतो.

या धंद्याची खरी परीक्षा मात्र उधारीत होते. १२५ एकरांचं भाडं होतं १ लाख ८७ हजार ५००. त्यातला पाचवा हिस्सा, म्हणजे साडेसदतीस हजार, "अण्णा, सोयाबीन विकलं की देतो" म्हणून अडकला, तर ऐकायला तो थोडाच वाटतो. पण डिझेलवाला आणि ड्रायव्हर उधारीवर थांबत नाहीत, त्यामुळे ती सगळी रक्कम आपल्या उरलेल्या साडेबासष्ट हजारांतूनच जाते. हातात राहतात पंचवीस हजार, आणि हप्ते आहेत चाळीस हजार सातशेचे. तूट भरून काढायला ट्रॅक्टरच्या झिजेसाठी ठेवलेल्या पैशांना हात लागतो, आणि पुढच्या हंगामात क्लच गेला की तो बदलायला पैसेच नसतात.

भावकीत आणि शेजारात उधारी पूर्ण बंद करता येत नाही, आणि करूही नये. जूनमध्ये शेतकऱ्याच्या हातात खरंच पैसा नसतो. त्यावर गावांनीच काढलेला मार्ग मला पटतो: डिझेल ज्याचं रान त्यानं आणायचं, भाडं तेवढं कमी करून ते सुगीला द्यायचं. मग आपल्या खिशातून रोख जाते ती ड्रायव्हरची आणि पात्यांची. बँकेतही सही करण्याआधी महिन्याचा हप्ता नको, सहामाही द्या, असं मागावं, आणि तारखा सोयाबीन व हरभऱ्याचे पैसे येतात त्यानंतरच्या, म्हणजे नोव्हेंबरअखेर आणि एप्रिलच्या, लावून घ्याव्यात. वहीत प्रत्येक रानाचे एकर, तास, डिझेल आणि बाकी त्याच संध्याकाळी लिहावी, आणि शेजाऱ्यालाही ती ओळ दाखवावी. ऑक्टोबरात त्याच्या दारात जाताना ती वही हातात असली की आकड्यावरून बोलणं वाढत नाही.