बिंगो नसताना : स्क्रॅबलमधील हुक आणि समांतर शब्द

सावलीच्या वसतिगृहात सुटीच्या दुपारी मुलांसोबत स्क्रॅबल मांडताना आम्हांला एक गोष्ट वारंवार दिसते. सातही अक्षरे एकाच चालीत लावून 50 गुणांचा बिंगो मिळवण्याच्या आशेने मुले चांगली अक्षरे राखून ठेवतात आणि डाव हातचा जातो. बहुतेक चालींत बिंगो नसतोच. तेव्हा गुण येतात ते दुसऱ्याच्या शब्दाला टेकून.

एक डाव पाहू. पहिल्या खेळाडूने एच-ओ-एम-ई हा शब्द आडवा मांडला. ‘एम’ मधल्या घरावर असल्याने नऊचे दुप्पट, 18 गुण झाले. आपल्या हाती ए, डी, ई, एस, व्ही, एक्स, वाय ही अक्षरे आहेत. यांतून बिंगो होत नाही.

मुलांना प्रथम दिसतो तो ए-एक्स-ई, म्हणजे कुऱ्हाड. शेवटच्या ‘ई’वर तो उभा उतरवला, की आठ गुणांचा ‘एक्स’ अक्षर-दुप्पट घरावर पडतो. एकूण 18 गुण.

आता ‘एच’च्या खाली ‘ई’ आणि ‘ओ’च्या खाली ‘एक्स’ ठेवा. येथेही ‘एक्स’ला तसेच दुप्पट घर मिळते, पण शब्द मात्र तीन होतात. आडवा ई-एक्स 17, उभा एच-ई 5 आणि उभा ओ-एक्स 17, एकूण 39. अक्षरे दोन्ही वेळा दोनच खर्चली. फरक इतकाच, की समांतर चालीत बोनस घरावरचे अक्षर आडव्या व उभ्या अशा दोन्ही शब्दांत मोजले जाते.

हुक म्हणजे तयार शब्दाच्या टोकाला एक अक्षर जोडून त्याच अक्षरातून नवा शब्द काढणे. मूळ शब्दाच्या शेवटी ‘एस’ लावून खाली एस-ए-वाय उतरवला, तर ‘वाय’ अक्षर-तिप्पट घरावर येतो. 10 आणि 14 मिळून 24 गुण. त्याच जागी ‘डी’ लावून डी-ए-वाय केले, तर 11 आणि 15 मिळून 26. शंभर अक्षरांत ‘एस’ चारच असतात. ते येथे खर्चणे दुहेरी तोट्याचे. शिवाय 39 ची चाल आधी खेळली, तरी प्रतिस्पर्ध्याने जागा अडवली नाही तर पुढच्या पाळीला हा हुक शिल्लकच राहतो.

दोन सावधगिऱ्या घ्याव्यात. चालीत तयार होणारा प्रत्येक जोडशब्द कोशात असला पाहिजे. आव्हान दिल्यावर एक जरी चुकीचा ठरला, तरी सगळी अक्षरे उचलावी लागतात आणि पाळी जाते. दुसरे, बोनस घर एकदाच, अक्षर पडते त्या चालीपुरतेच मोजले जाते. म्हणून बोनस घराला लागून स्वर ठेवताना पाहावे : वरील डावात पहिल्या खेळाडूचा ‘ओ’ दुप्पट घराच्या डोक्यावर बसला, आणि आपल्या ‘एक्स’ला वाट त्यानेच करून दिली.