चौथा पर्याय कुठे गेला?

नांदेडहून हिंगोलीकडे जाताना वारंगा फाटा लागतो. इथून एक रस्ता उमरखेडमार्गे यवतमाळ-नागपूरकडे फुटतो. कळमनुरी तालुक्यातलं हे ठिकाण खिचडीसाठी प्रसिद्ध आहे. गाडीची वाट पाहणारी पोरं इथेही मोबाइलवर सराव प्रश्न सोडवतात. तलाठी भरतीची 2023 ची परीक्षा संगणकावर झाली, 100 प्रश्न आणि दोन तास. तेव्हापासून तर सरावही पडद्यावरच होणार हे पक्कं झालं. अडलेल्या प्रश्नाचा स्क्रीनशॉट काढायचा आणि मित्रांच्या ग्रुपवर टाकायचा, ही रोजची रीत. पण त्या चित्रात अनेकदा तीनच पर्याय असतात. चौथा खाली सरकवल्यावर दिसणारा होता, तो चित्रात आलेलाच नसतो.

उदाहरण घेऊ. प्रश्न असा: ‘खालीलपैकी क्षेत्रफळाने सर्वात लहान जिल्हा कोणता?’ दिसणारे पर्याय नांदेड, लातूर आणि परभणी. ग्रुपवर कोणीतरी लगेच ‘परभणी’ लिहितो आणि दिसणाऱ्या तिघांत ते बरोबरही आहे. पण कापलेला चौथा पर्याय असतो हिंगोली. परभणी जिल्हा सहा हजार चौरस किलोमीटरच्या वर, तर 1 मे 1999 रोजी त्याच्यातूनच वेगळा झालेला हिंगोली पाच हजारांच्याही आत. आपल्याच जिल्ह्याचा गुण असा हातचा जातो आणि चुकलं कुठे, हे अभ्यास पक्का असलेल्यालाही कळत नाही.

‘सर्वात लहान’, ‘सर्वात मोठा’, ‘सर्वप्रथम’ असा तुलनेचा प्रश्न असेल, तर अर्ध्या चित्रावरून उत्तर देऊच नये, असं माझं ठाम मत आहे. इतर प्रश्नांत थोडा तर्क चालतो. ‘हिंगोली जिल्ह्यातील तालुका कोणता?’ असं विचारलंय आणि वसमत, कळमनुरी, सेनगाव असे तीन पर्याय दिसतायत. तिन्ही बरोबर आहेत आणि उत्तर तर एकच हवं. मग लपलेला पर्याय ‘वरील सर्व’ असणार, हे जवळजवळ नक्की. उलट, दिसणारे तिन्ही साफ चुकीचे असतील तर उत्तर खालीच दडलंय. एकच बरोबर दिसत असेल, तर बहुधा तेच उत्तर. तरीही प्रश्न पूर्ण पाहिलेला बरा.

आता हा पर्याय नाहीसा होतो कसा? स्क्रीनशॉट म्हणजे त्या क्षणी पडद्यावर जेवढं उमटलंय तेवढ्याचीच प्रत. मोबाइलवर बाजूची स्क्रोलपट्टी बोट फिरवत असतानाच दिसते आणि नंतर विरते, त्यामुळे स्थिर चित्रात ‘खाली अजून आहे’ ही खूण उरतच नाही. त्यात अक्षरांचा आकार मोठा ठेवला असेल, तर प्रश्नच तीन-चार ओळी खातो. काही वेळा दोष पान बनवणाऱ्याचा असतो. त्याने चौकटीची उंची `100vh` दिलेली असते. मोबाइल ब्राउझर ही उंची पत्त्याची पट्टी लपलेली आहे असं धरून मोजतो. पट्टी दिसत असली की तेवढाच तळ पडद्याबाहेर जातो, आणि ‘पुढे’चं बटण तळाशी चिकटवलेलं असेल तर ते शेवटच्या पर्यायावर बसतं. 2022 पासून ब्राउझरांत आलेलं `100dvh` हे माप दिसणाऱ्या उंचीप्रमाणे बदलतं. ते वापरलं की निदान ही अडचण तरी राहत नाही.

चित्र कापलेलं आहे हे ओळखायला देवनागरी फार मदत करते. आपली अक्षरं शिरोरेषेला लटकलेली असतात, म्हणून ओळ खालून कापली गेली तरी रेषा आणि तिच्यावरच्या खुणा शिल्लक राहतात. तळाची कड मोठी करून पाहा. ‘हिंगोली’ असेल तर वेलांटी, अनुस्वाराचा ठिपका, मग मात्रा आणि पुन्हा वेलांटी अशी रांग दिसते. ‘वरील सर्व’ असेल तर मधे एक वेलांटी आणि शेवटी रफार. पण कात्री नेमकी दोन पर्यायांमधल्या मोकळ्या जागेत पडली, तर काहीच उरत नाही. तेव्हा क्रमांक मोजायचे: बाकीच्या प्रश्नांना चार पर्याय आणि इथे तीनच, म्हणजे एक राहिला. बँकांच्या परीक्षांत पाच पर्याय असतात, त्यामुळे तिथे चार दिसले तरी शंका घ्यावी.

अँड्रॉइड 12 पासून बऱ्याच फोनांत स्क्रीनशॉट काढल्यावर लांब चित्र घेण्याचं बटण येतं. मात्र पर्याय पानाच्या आतल्या वेगळ्या सरकत्या चौकटीत असतील, तर ते बटण अनेकदा दिसत नाही किंवा चित्र तिथेच थांबतं. संगणकावर Ctrl आणि वजाचं चिन्ह दाबून पान लहान करावं, सगळं एकाच नजरेत आलं की मग चित्र घ्यावं. मोबाइलवर सरळ दोन चित्रं काढावीत. दुसऱ्यात तिसरा पर्याय पुन्हा आला पाहिजे, म्हणजे मधलं काही निसटलं नाही याची खात्री पटते, आणि शेवटच्या पर्यायाखालची कोरी जागाही दिसली पाहिजे.