अभिजितशेजारचे चार तारे

दुर्बिणीच्या खोक्यावर '५०० पट' असं ठळक छापलेलं असतं आणि गिऱ्हाईक तेवढ्यावरच भुलतं. पण दोन जवळचे तारे वेगळे दिसणं ठरतं ते पुढच्या भिंगाच्या व्यासावरून.

अभिजितच्या अगदी जवळ एप्सिलॉन लायरी नावाचा मंद तारा आहे. साध्या द्विनेत्रीतून तो एकाचे दोन होतो. या दोघांतला प्रत्येक तारा पुन्हा जोडतारा आहे, म्हणून हौशी मंडळी त्याला 'डबल डबल' म्हणतात. या आतल्या जोड्यांमधलं अंतर सुमारे २.३ विकला आहे. एका अंशाचे ३६०० भाग केले की त्यातला एक म्हणजे विकला. अडीच सेंटिमीटरचं नाणं सव्वादोन किलोमीटरवरून जेवढं दिसेल, तेवढंच हे अंतर.

तारा इतका दूर असतो की दुर्बिणीतही तो बिंदूच दिसायला हवा. दिसते मात्र छोटी चकती, भोवती फिकट कडी. गोल भिंगातून येताना प्रकाशलाटा पसरतात, त्याचा हा परिणाम. जॉर्ज एअरी यांनी १८३५ मध्ये त्याचं गणित मांडलं. भिंग जेवढं मोठं, तेवढी चकती लहान. एका ताऱ्याच्या चकतीचा मध्य दुसऱ्याच्या पहिल्या काळ्या कड्यावर आला, की दोघांमध्ये जेमतेम खाच दिसते. ही रॅलेची मर्यादा. हिरवट प्रकाशासाठी ती अशी निघते:

विकला = १३८ ÷ व्यास (मिलिमीटर)

६० मिलिमीटरच्या भिंगाला उत्तर येतं २.३. म्हणजे ही छोटी दुर्बीण इथे अगदी काठावर आहे. १०० मिलिमीटरला १.४ येतं, तिथे मधली काळी फट स्पष्ट दिसते. त्यासाठी शंभर-दीडशे पट मोठं केलं तरी पुरतं. त्यापुढे आयपीस बदलत गेलात तर चकत्याच मोठ्या होतात, फट रुंदावते पण नवीन काही दिसत नाही.

खात्री करायची तर पुठ्ठ्याला ४० मिलिमीटरचं भोक पाडून १०० मिलिमीटरच्या दुर्बिणीपुढे लावा. पट तेवढेच, पण उत्तर ३.५ विकला होतं. चार ताऱ्यांचे दोन लांबुळके ठिपके होतात. पुठ्ठा काढला की पुन्हा चार!

मोठी दुर्बीण असूनही फट दिसत नसेल, तर आधी हवेवर संशय घ्या. हवा थरथरत असली की चकती पसरून उकळल्यासारखी दिसते. घरातून आणलेली दुर्बीण अर्धा तास बाहेर ठेवून थंड होऊ द्या. आणि एक तारा ठळक, दुसरा फारच मंद असेल तर हे सूत्र विसरा, तेजात मंद तारा बुडतो. व्याधाचा जोडीदार असाच लपलेला होता; तो १८६२ मध्ये अल्व्हन ग्रॅहम क्लार्क यांना साडेअठरा इंची भिंगातून पहिल्यांदा दिसला.

पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात संध्याकाळी वायव्येला अभिजित ठळक दिसतो. पुठ्ठा तयार ठेवा.