दया कुणाची, गोष्ट कुणाची? 'सत्यम् शिवम् सुंदरम्' आणि 'स्पर्श'

मंडळी, आज लोणी काळभोरमध्ये बोलतोय म्हटल्यावर सुरुवात इथूनच करायला हवी. मुळा-मुठेच्या काठची राज कपूर यांची राजबाग तुम्हाला सगळ्यांनाच माहीत आहे. 1978 सालच्या 'सत्यम् शिवम् सुंदरम्'चं बरंचसं चित्रीकरण तिथलंच. त्यातली गाणी, झीनत अमान आणि तिचे कपडे यांच्याबद्दल लोक अजून बोलतात. पण त्यात एक भाजलेल्या चेहऱ्याची बाई आहे, आणि तिला कसं दाखवलंय हे फारसं कुणी विचारत नाही. आज तेच विचारू या.

गोष्ट अशी. रूपा ही गावच्या पुजाऱ्याची मुलगी. लहानपणी उकळतं तेल अंगावर पडून तिचा एका बाजूचा चेहरा आणि मान भाजलेली. गाव तिला पांढऱ्या पायाची समजतं. धरणाच्या कामावर आलेला इंजिनिअर राजीव तिच्या आवाजावर भाळतो. ती पदराने चेहरा झाकूनच त्याला भेटते. लग्न होतं, तो पदर दूर करतो आणि हादरतो. आपल्याला फसवून दुसरीच मुलगी गळ्यात बांधली असं त्याला वाटतं. मग रूपा दिवसा नकोशी बायको आणि रात्री पदराआडची प्रेयसी अशी दोन आयुष्यं जगते. तिला दिवस जातात, तेव्हा तो तिच्यावरच संशय घेतो. शेवटी पूर येतो, त्याचे डोळे उघडतात आणि तो तिला स्वीकारतो.

(2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ॲसिड हल्ल्याने विद्रूप झालेल्यांचा समावेश आहे. रूपाचा अपघात तेलाचा, म्हणजे ती त्या व्याख्येत काटेकोर बसत नाही. पण समाज तिच्याशी जसा वागतो, ते अगदी तेच आहे.)

आता एक साधा प्रश्न. या गोष्टीत बदलतं कोण? राजीव. आधी त्याला रूपच दिसायचं, शेवटी त्याला 'आतलं सौंदर्य' दिसतं. रूपा पहिल्या रिळात जशी सोशिक, भाविक आणि वाट बघणारी आहे, तशीच शेवटच्या रिळात आहे. तिचा भाजलेला चेहरा म्हणजे राजीवची परीक्षा, आणि पास व्हायचं ते त्याने. दयेवर चालणाऱ्या कथेची ही सगळ्यात भरवशाची खूण, असं मी म्हणेन. अपंग माणसाच्या नावाने गोष्ट सुरू होते आणि धडधाकट माणसाच्या मोठेपणावर संपते. आपण रडतो ते तिच्यासाठी नाही हो, त्याच्या मनाच्या मोठेपणावर रडतो.

दुसरी खूण कॅमेऱ्यात सापडते. रूपाचं शरीर कॅमेरा मिनिटंच्या मिनिटं न्याहाळतो. भाजलेला गाल मात्र धक्का द्यायचा असेल तेव्हा बाहेर काढतो. रूपाची रोजच्या कामातली, चेहरा न लपवता, सहज बसलेली किती दृश्यं आहेत ते मोजा. बोटं फारशी लागणार नाहीत. चित्रपट म्हणतो की बाह्य रूप खोटं, आणि स्वतः मात्र त्या रूपावरून नजर हटवत नाही.

यानंतर दोनच वर्षांनी आलेला दुसरा चित्रपट बघा. सई परांजपे यांचा 'स्पर्श'. तो 1980 मध्ये तयार झाला, तीन राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, तरी चित्रपटगृहात लागायला 1984 उजाडलं. इथेही एक डोळस आणि एक अपंग अशी जोडी आहे. अनिरुद्ध परमार, म्हणजे नसीरुद्दीन शाह, हा अंधशाळेचा अंध मुख्याध्यापक. कविता, म्हणजे शबाना आझमी, तरुण विधवा, स्वतःला घरात कोंडून घेतलेली. दिल्लीतल्या ब्लाइंड रिलीफ असोसिएशनच्या शाळेत चित्रीकरण झालं. अनिरुद्धचं पात्र तिथल्या मुख्याध्यापकांवरून बेतलं होतं आणि पडद्यावरची मुलं त्याच शाळेची आहेत.

यातला कॉफीचा प्रसंग मी विद्यार्थ्यांना नेहमी दाखवतो. कविता अनिरुद्धच्या ऑफिसात आलीय. कॉफी येते. ती चटकन पुढे होऊन मदत करायला जाते. आपण पाहुण्या म्हणून गेलो तरी असंच करू. अनिरुद्ध भडकतो. का? ऑफिस त्याचं, यजमान तो, पाहुणी ती. कॉफी देण्याचा मान त्याचा. आंधळा म्हटल्यावर क्षणात तो यजमानाचा पाहुणा झाला! मदत नको असं तो म्हणत नाही. आम्हाला मदत लागते, कीव नको, हे तो स्पष्ट सांगतो. मदत आणि कीव यांतला फरक सांगायला तासभराचं व्याख्यान लागतं, इथे एक कप पुरतो.

आणि गंमत म्हणजे तो चिडतो तेव्हा आपल्याला तो थोडा अतिरेकी वाटतो. वाटायलाच हवा. अनिरुद्ध हट्टी आहे, अहंकारी आहे, आणि संशयीसुद्धा. साखरपुडा झाल्यावर दुबे हा अंध सहकारी (ओम पुरी) वारलेल्या बायकोबद्दल बोलतो, ती सुखी नव्हती म्हणतो. अनिरुद्धच्या मनात किडा शिरतो की कविताने आपल्याला प्रेमापोटी नाही, त्यागापोटी स्वीकारलंय. कारण न सांगता तो लग्न मोडतो. चूक की बरोबर, तुम्ही ठरवा. मुद्दा असा की रूपाला चुकायची परवानगीच नव्हती. दयेच्या कथेत अपंग माणूस संत असावाच लागतो, नाहीतर प्रेक्षकाची दया आटते.

शिवाय अनिरुद्धला नोकरी आहे, पगार आहे, हाताखाली माणसं आहेत. नुसतं नावापुरतं घेतलेलं पात्र ओळखायचं असेल तर इथेच बघा. मित्रांच्या टोळक्यात एक व्हीलचेअरवाला असतो, गाण्यात हसतो, टाळ्या वाजवतो. तो पोटासाठी काय करतो? तिसऱ्या मजल्यावरच्या पार्टीला तो पोचला कसा? लिफ्ट होती की चौघांनी उचललं? पटकथेला याचं उत्तर माहीत नसेल तर तो माणूस नाही, सजावट आहे.

'स्पर्श'लाही मर्यादा आहेत. मुलं खरी अंध, पण नायक डोळस नटाने केला. मराठीत 2014 च्या 'यलो'ने ते पाऊल पुढे टाकलं. डाउन सिंड्रोम असलेली पुण्याची जलतरणपटू गौरी गाडगीळ हिने मोठेपणची गौरी स्वतःच केली, आणि लहानपणची करणाऱ्या संजना रायसह तिला राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला. पाण्यात, आईजवळ, रुसलेली, अशी ती दिसते तेव्हा कुणी तिची नक्कल करत नाहीये हे जाणवतं. तरी मला एक खटकतं. गोष्ट स्पर्धेकडे आणि पदकाकडे धावते. ज्या मुलीला पोहता येत नाही, जी कुठलंच पदक आणणार नाही, तिची गोष्ट मग कोण सांगणार?

हे केवळ माझं कुरकुरणं नाही. 'आँख मिचोली' या चित्रपटावरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये जवळजवळ हेच म्हटलं. अपंगांची टिंगल नको, आणि त्यांना अचाट पराक्रमी करून ठेवणंही नको. अपंगत्वावर विनोद असू शकतो, पण तो त्यांना समजून घेणारा की त्यांना खाली ढकलणारा, हा फरक न्यायालयाने केला. आणि त्यांच्याविषयी ठरवताना त्यांना सोबत घ्या, असंही सांगितलं.

घरी गेल्यावर 'स्पर्श' लावा. कॉफीच्या प्रसंगात आवाज बंद करून फक्त हात बघा, कुणाचा पुढे येतो आणि कुणाचा थांबतो. मग 'सत्यम् शिवम् सुंदरम्'मधला पदर दूर होण्याचा प्रसंग तसाच, आवाजाशिवाय बघा. तिथे संगीत काढून घेतलं की काय उरतं, ते पुढच्या वेळी मला सांगा.