परक्या बाजारांतील रश्श्याचें मटण

आपल्याकडे मटण म्हणजे बहुधा बोकडाचें मांस. खाटीक तें गिऱ्हाइकासमोर तोडतो. मांडी, खांदा, चाप यांचा मिश्र वाटा हाडांसकट तराजूंत पडतो, आणि त्याचा रस्सा होणार हें कोणी सांगावें लागत नाहीं. इंग्लंडमधील सुपरमार्केटची रीत निराळी. तेथें जनावराचा प्रत्येक भाग शिजविण्याच्या पद्धतीप्रमाणें वेगळा करून स्वतंत्र नांवानें विकला जातो.

कोल्हापूरहून लीड्स येथें शिकावयास गेलेला एक विद्यार्थी या नांवांपुढें गोंधळून उभा राहिला. बोकड कोठेंच नव्हता. होतें तें लॅम्ब, म्हणजे वर्षाच्या आंतील मेंढराचें मांस. लॉइन चॉप, लेग स्टेक, नेक फिलेट, शँक अशा चिठ्ठ्या त्यानें वाचल्या, पण रश्श्याचें मांस असें कशावरच लिहिलेलें नव्हतें. अखेर चरबी नसलेले, लालबुंद लेग स्टेक त्यानें उचलले, त्यांचे तुकडे केले आणि घरच्या रीतीनें दीड तास शिजविले. तुकडे कोरडे पडून दोऱ्यासारखे सुटूं लागले. रस्सा मात्र पाण्यासारखा पातळच राहिला.

दोष मसाल्याचा नव्हता. मान, खांदा व पायाची नळी या भागांना चालतांना व मान तोलतांना सतत श्रम पडतात. म्हणून त्यांतील स्नायूंना बांधणारें पांढरें जाळें, म्हणजे कोलॅजन, अधिक असतें. मंद आंचेवर दीड-दोन तासांत तें विरघळून त्याचें जिलेटिन होतें. त्यानें मांस ओलसर राहतें आणि रश्श्यास अंग येतें. स्टेकच्या मांसांत हें जाळें थोडें असतें. तें फार वेळ शिजविलें कीं आंतील पाणी पिळून निघतें, आणि त्याची जागा भरून काढण्यास कांहीं उरत नाहीं. शिवाय हाड नसल्यानें पांढऱ्या रश्श्याची चवहि गेली.

पुढील खेपेस त्यानें मांसविभागांतील विक्रेत्यास नांव न विचारतां काम सांगितलें.

“दोन तास मंद शिजवावयाचें आहे, हाडासकट हवें.”

“मग खांदा न्या,” विक्रेता म्हणाला, आणि त्यानें एक किलो खांद्याचे करवतीनें दीड-दीड इंचाचे तुकडे करून दिले.

करवतीचा हाडाचा भुगा राहतो, म्हणून तुकडे धुऊन घ्यावे लागतात. मेंढराची चरबीहि वर तरंगते. ती पळीनें काढून टाकावी. तुकडा चमच्याच्या कडेनें दाबतांच तुटला कीं शिजला; ताणला तर आणखी वेळ द्यावा. जेथें असा विक्रेता नसेल, तेथें पाकिस्तानी वा बंगाली वस्तींतील हलाल दुकान गांठावें. तेथें ‘करी’ एवढा एक शब्द पुरतो. तेंहि जवळ नसेल, तर नेक फिलेटबरोबर एक शँक घ्यावी: मांस मानेचें, हाड नळीचें, आणि रस्सा ओळखीचा.