लग्नाला आठ दिवस आणि सासरी पहिलं पत्र

समजा तुमच्या लग्नाला आठ दिवस उरलेत. पत्रिका वाटून झाल्यात, ब्लाउज टेलरकडे अडकलेत आणि सासरच्यांना अजून एक गोष्ट सांगायची राहिली आहे. कशी सांगाल? कॉल? व्हॉट्सअ‍ॅप?

दिग्रसच्या माझ्या एका मैत्रिणीने पत्र लिहिलं. तिच्या परवानगीने, नाव न देता सांगते. सासर पुसदचं. दोन वर्षांपासून तिला थायरॉइडची गोळी सुरू आहे. होणाऱ्या नवऱ्याला हे साखरपुड्याआधीच माहीत होतं, सासू-सासऱ्यांना नव्हतं. घरी मावशीसकट सगळ्यांचं एकच म्हणणं, "आता कशाला? लग्न झाल्यावर सांगता येईल." एका रात्री तिचा मला फोन, "सांगूनच टाकू का वं?"

तिची अडचण अगदी साधी होती. ही गोळी सकाळी उपाशीपोटी, पाण्यासोबत घ्यायची आणि त्यानंतर अर्धा-एक तास चहासुद्धा प्यायचा नाही. नव्या सुनेचा पहिला दिवस मात्र चहानेच सुरू होतो. म्हणजे एकतर गोळी लपून घ्या, नाहीतर चहाला रोज नवं कारण शोधा. लपवलेली डबी चौथ्या दिवशी सापडली, तर आजारापेक्षा लपवण्याचीच चर्चा जास्त होईल, हे तिला कळत होतं.

मेसेज का नाही? तर तो पाच मिनिटांत फॅमिली ग्रुपवर जाऊ शकतो. फोनवर समोरून "बरं बरं" येतं आणि नेमकं काय ऐकलं गेलं ते कळत नाही. पत्र दोघांना शांतपणे, दोनदा वाचता येतं.

आता मायना. इथे आम्ही दोघी मास कॉमवाल्या सपशेल आडव्या! शेवटी आजीला विचारलं. आजी म्हणाली, 'तीर्थरूप' फक्त आई-वडिलांना, त्यांच्यासारख्या वडीलधाऱ्यांना 'तीर्थस्वरूप'. लग्नाआधी 'तीर्थस्वरूप'च शोभतं. 'मामाजी' म्हणायला अजून आठ दिवस होते, म्हणून 'काका-काकू' ठरलं. खाली सही काय करायची? पत्रिकेवर तिच्या नावामागे 'चि. सौ. कां.' होतं, पण तो मान दुसऱ्यांनी लावायचा, स्वतः नाही. 'तुमची होणारी सून' तिला फिल्मी वाटलं. नुसतं नाव लिहिलं.

पहिला मसुदा तीन पानांचा. त्यात 'माफ करा' सात वेळा! मी पेन्सिलीने सगळे खोडले. आजारी असणं हा गुन्हा आहे का? आणि माफी मागितली की वाचणाऱ्याला वाटतं, नक्कीच काहीतरी भयंकर असणार. दुसऱ्या मसुद्यात इंटरनेटवरची माहितीच माहिती. तोही गेला. तिसरा एका पानात बसला. त्यातला मधला भाग असा:

"मला थायरॉइडची गोळी सुरू आहे. रोज एक, सकाळी उपाशीपोटी. यांना आधीपासून माहीत आहे, तुम्हाला मी स्वतः सांगावं असं वाटलं. डॉक्टरांनी सांगितलं आहे की गोळी नियमित घेतली तर काम, शिक्षण, पुढे मूल, कशालाच अडचण नाही. मूल होण्याच्या वेळी डोस बहुतेक वाढवावा लागतो आणि रक्ततपासणी जास्त वेळा करावी लागते, एवढंच. सकाळी मी चहा जरा उशिरा घेईन. काही विचारायचं असेल तर मलाच विचारा, मला आवडेल."

मुलाबद्दलची ओळ ठेवायची की नाही, यावर आमचं भांडण झालं. मी म्हटलं, काढ. ती म्हणाली, "त्यांच्या मनात पहिला प्रश्न तोच येणार. मग मीच का नको लिहू?" तिचं बरोबर होतं.

(जाता जाता: आपल्या विदर्भात लग्नाआधीच्या पत्रांना मोठी परंपरा आहे. अमरावतीच्या कुसुम जयवंत, म्हणजे पुढे कुसुमावती देशपांडे, आणि कवी अनिल यांची पत्रं 'कुसुमानिल' नावाने पुस्तकात आली आहेत. पण ती दोघांची एकमेकांना होती. सासरच्यांना लिहिणं अवघड जातं, कारण तिथे अजून ओळखच नसते.)

पोस्टावर एवढ्या घाईत भरवसा नको म्हणून धाकटा भाऊ एसटीने पुसदला गेला. पाकीट बंद होतं, वर दोघांचीही नावं होती. नवऱ्या मुलाच्या हाती द्यायचं नाही, हे तिने आधीच ठरवलं होतं. नाहीतर तोच वकील होऊन बसला असता.

दोन दिवस काहीच नाही. तिने जेवण टाकलं, मावशीने "सांगितलं होतं ना" सुरू केलं. तिसऱ्या दिवशी आधी काकांचा फोन तिच्या वडिलांना. त्यांनी रिपोर्टचा फोटो मागितला. तिला ते थोडं लागलं, पण पाठवला. संध्याकाळी काकूंचा फोन थेट तिला, "आमच्याकडे सहाला चहा होतो. तू गोळी कितीला घेतेस?"

"साडेपाचला घेईन."

"राहू दे बाप्पा, झोप. तुझा चहा सातला ठेवते."